सीपी आणि सीपीके

सीपी आणि सीपीके हे उत्पादनप्रक्रियेची क्षमता मोजणारे दोन निर्देशांक आहेत. ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाला दिलेल्या सुटीत, प्रक्रियेचा पसारा मावतो का, हे सीपी सांगतो. तो पसारा टॉलरन्सच्या मध्यावर आहे की एका बाजूला सरकला आहे, हे सीपीकेवरून कळते. १९८६ साली व्हिक्टर केन यांनी लिहिलेल्या लेखानंतर हे निर्देशांक सर्वत्र वापरात आले. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत नवा भाग मंजूर करून घेताना ग्राहक हे आकडे मागतातच.

```
Cp  = (USL - LSL) / 6σ
Cpk = min(USL - x̄, x̄ - LSL) / 3σ
```

USL आणि LSL या मापाच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा, x̄ म्हणजे सरासरी आणि σ म्हणजे प्रमाण विचलन. सीपीच्या सूत्रात सरासरी कुठेच येत नाही, आणि दोन्ही आकड्यांतला सगळा फरक इथेच आहे.

सीएनसी लेथवर शाफ्ट टर्निंग होत आहे असे धरू. व्यास २०.०० ± ०.०३ मिमी हवा, म्हणजे एकूण जागा ०.०६ मिमी. थोड्या थोड्या वेळाने सलग पाच-पाच जॉब मोजले आणि प्रत्येक पाचांतल्या सर्वांत मोठ्या व लहान मापातला फरक काढला. त्या फरकांची सरासरी ०.०१४ मिमी आली. तिला पाचच्या गटासाठी ठरलेल्या २.३२६ ने भागले की σ सुमारे ०.००६ मिमी येतो, आणि सीपी १.६७. मशीन चांगले आहे. पण सरासरी २०.०१५ वर आहे. वरच्या मर्यादेपर्यंत ०.०१५ मिमीच उरले, म्हणून सीपीके ०.८३. या स्थितीत दर हजारी साधारण सहा शाफ्ट जाड निघतील. सरासरी मध्यावर असती, तर मापे सामान्य वितरणाची आहेत असे मानून, दहा लाखांत एखादाच निघाला असता.

सरासरी वर का गेली, याचे कारण बहुतेक वेळा मशीनमध्ये नसते. शाफ्ट जाड राहिला तर पुन्हा एक कट मारून वाचवता येतो, बारीक झाला तर सरळ भंगारात जातो. म्हणून अनुभवी ऑपरेटर साइझ मुद्दाम वरच्या बाजूला ठेवतो. त्याची काळजी समजण्यासारखी आहे; पण सीपी १.६७ असताना खालच्या बाजूला भरपूर जागा असते आणि त्या सावधपणाची गरज उरत नाही. व्यासात मोजणाऱ्या मशीनवर एक्स अक्षाचा वेअर ऑफसेट, म्हणजे टूलची झीज भरून काढायला मशीनमध्ये दिलेली दुरुस्ती, ०.०१५ ने कमी केला की सीपीके १.६७ वर येतो.

म्हणून हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावेत. सीपी मोठा आणि सीपीके लहान असेल, तर काम सेटिंगचे आहे. सीपीच १ च्या खाली असेल, तर ऑफसेट कितीही फिरवून उपयोग नाही. स्पिंडल, चक, कच्च्या मालाचा कमीजास्तपणा इथे हात घालावा लागतो. सीपीके सीपीपेक्षा मोठा कधीच येत नाही, आणि सरासरी मर्यादेबाहेर गेली की तो ऋण होतो. वाहन उद्योगात नव्या भागासाठी सहसा १.६७ मागितला जातो, १.३३ च्या खालचा आकडा स्वीकारत नाहीत.

मोजमाप कच्चे असेल तर हे आकडे फसवे ठरतात. ०.०१ मिमी लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने ०.००६ चा σ काढता येत नाही; तिथे ०.००१ वाचणारे साधनच हवे.

याहून नेहमीची चूक नमुन्याची. नवा इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलता येणारी कापणारी टीप, लावून लागोपाठ तीस जॉब काढले आणि अहवाल दिला, तर आकडा देखणा येतो. पण इन्सर्ट झिजतो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. आपल्या उदाहरणात दोन ऑफसेटच्या दरम्यान सरासरी १९.९९ पासून २०.०१ पर्यंत सारख्या वेगाने सरकली, तर सगळ्या मापांचे मिळून प्रमाण विचलन ०.००८३ होते. ते वापरून काढलेला निर्देशांक, ज्याला पीपीके म्हणतात, १.२० येतो. पाच-पाचच्या गटांतला σ मात्र ०.००६ च राहतो, कारण पाच सलग जॉबमध्ये झीज जाणवत नाही. म्हणून नमुने पूर्ण शिफ्टभर, किमान एका इन्सर्टच्या पूर्ण आयुष्यावर पसरलेले हवेत. कंट्रोल चार्टवरही ही चढण स्पष्ट दिसते.

इथे उपाय मशीन बदलण्याचा नाही. ऑफसेट दुप्पट वेळा, अर्ध्या अर्ध्या मापाने दिला, तर सरासरी १९.९९५ ते २०.००५ एवढीच फिरते आणि पीपीके १.५० पर्यंत चढतो.