करार पाळणेच अशक्य झाले तर? कलम ५६ आणि ‘फोर्स मेजर’ अट यांतला फरक

पक्षकार आमच्याकडे येतात तेव्हा पत्र बहुधा आधीच रवाना झालेले असते. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: “अपरिहार्य परिस्थितीमुळे कराराची पूर्तता अशक्य झाली असून करार रद्द समजावा.” पत्र पाठवणाऱ्याशी बोलायला बसले की कळते, त्याला करार मोडायचा नव्हताच. त्याला दोन महिने जास्त हवे होते. पण त्याने जे लिहिले त्याचा अर्थ मुदतवाढ असा होत नाही. असे पत्र हातातून सुटण्याआधी हे माहितीपत्रक वाचावे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत कायद्यातले कलम आणि करारातले कलम, दोन्हींना ‘कलम’च म्हणतात. इथे आम्ही ‘कलम’ हा शब्द फक्त कायद्यासाठी वापरला आहे. करारात आपण स्वतः लिहून घेतो ती ‘अट’.

कायदा स्वतःहून काय देतो

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ मधला दुसरा परिच्छेद असा: करार झाल्यानंतर ठरलेले काम अशक्य झाले, किंवा वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदा ठरले, तर त्या क्षणी करार रद्दबातल होतो. यालाच वकील ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात. करारात याबद्दल एक ओळही नसली तरी हे कलम लागू होते. ते लागू झाले की करार पूर्ण संपतो, आणि कोणी रद्द केला म्हणून नव्हे, तर कायद्यानेच. अर्धा करार ठेवू, उरलेला पुढच्या वर्षी पाहू, असली सोय त्यात नाही.

प्रश्न एवढाच, की ‘अशक्य’ कशाला म्हणायचे. यावरचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५३ मध्ये दिला: सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर आणि कंपनी. हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत.

कलकत्त्यात एका कंपनीच्या मालकीची मोठी जमीन होती. कंपनीने तिचे निवासी भूखंड पाडून विकायला काढले. रस्ते आणि गटारे कंपनीने बांधायची, ती झाली की खरेदीदाराने उरलेली रक्कम भरून खरेदीखत करून घ्यायचे, असा व्यवहार. १९४० मध्ये एका खरेदीदाराने १०१ रुपये बयाणा देऊन भूखंड घेतला. पुढे त्याचा हक्क सत्यव्रत घोष यांच्याकडे आला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. १९४१ च्या अखेरीपासून सरकारने भारत संरक्षण नियमांखाली त्या योजनेतली बरीचशी जमीन लष्करी कामासाठी ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९४३ मध्ये कंपनीने कळवले, की आता रस्ते बांधणे शक्य नाही. बयाणा परत घ्या, नाहीतर उरलेले पैसे भरून खरेदीखत करून घ्या, रस्त्यांचे युद्ध संपल्यावर परिस्थितीनुसार पाहू.

वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र करार जिवंतच असल्याचे ठरवले. करारात रस्ते कधीपर्यंत बांधायचे याची मुदतच नव्हती. युद्धकाळात साहित्यावर आणि कामांवर बंधने येतात हे दोन्ही पक्षांना सही करतानाच माहीत होते. जमिनीचा ताबा सरकारने तात्पुरता घेतला होता, कायमचा नव्हे. शिवाय कंपनीने रस्त्यांचे काम सुरूच केले नव्हते, त्यामुळे चालू काम अडले असेही म्हणता येईना.

याच निकालात न्यायालयाने ‘अशक्य’ची व्याख्या थोडी सैलही केली. काम शब्दशः अशक्य व्हायलाच हवे असे नाही. दोन्ही पक्षांनी ज्या पायावर सौदा केला तो पायाच घटनेने उखडला, आणि आता ते काम करून मूळ हेतू साधणारच नसेल, तरी कलम ५६ लागू होते. अनेकजण हे अर्धेच वाक्य वाचून खूश होतात. त्याच निकालात कंपनी हरली, हे विसरू नये.

अट कुठून येते आणि काय करते

‘फोर्स मेजर’ हा मूळचा फ्रेंच शब्द. भारतीय करार कायद्यात तो कुठेही नाही. करारात भूकंप, पूर, युद्ध, संप, सरकारी आदेश अशी यादी करून ‘यांपैकी काही घडले तर असे असे करायचे’ हे पक्ष आपापसांत ठरवतात, ती ही अट. म्हणजे तिची ताकद तिच्या शब्दांएवढीच. मुदत वाढते का, किती वाढते, सूचना किती दिवसांत द्यायची, किती काळानंतर करार सोडता येतो, सोडल्यास कोणाचा खर्च कोणी सोसायचा, सगळे शब्दांवर.

कायद्याच्या नजरेत अशी अट कलम ३२ खाली येते, म्हणजे अमुक घडले तर तमुक या प्रकारच्या करारात. इथे सगळ्यात चुकणारी गोष्ट लक्षात घ्या. घडलेली घटना अटीत बसत असेल तर अट सोडून कलम ५६ कडे उडी मारता येत नाही. तुम्हीच त्या प्रसंगाची तजवीज केली होती, मग तिच्याप्रमाणेच चालायचे. अटीत न बसणाऱ्या घटनेसाठी कलम ५६ मागे उभे असते, पण त्याचा उंबरठा उंच, हे वर पाहिलेच.

वरच्या प्रकरणात समजा एक ओळ असती: ‘सरकारने जमीन ताब्यात घेतली आणि तो ताबा बारा महिन्यांहून जास्त चालला, तर कोणताही पक्ष बयाणा परत करून किंवा घेऊन मोकळा होऊ शकेल.’ मग पायाच उखडला की नाही ही चर्चाच झाली नसती. बारा महिने मोजले असते, आणि संपले.

आता आकड्यांनिशी एक उदाहरण

हे उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण प्रश्न रोजचा आहे. एका कारखान्याने सहा यंत्रे १२० दिवसांत बनवून द्यायची आहेत. आगाऊ १० लाख मिळाले आहेत. सत्तराव्या दिवशी सरकारी आदेशाने कारखाना बंद होतो आणि ४० दिवस बंदच राहतो.

करारात अट आहे: घटनेपासून १० दिवसांत लेखी सूचना, बंद राहिलेल्या दिवसांइतकी मुदतवाढ, ९० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास करार सोडण्याची मुभा. कारखानदाराने ऐंशीव्या दिवसापर्यंत सूचना पाठवली तर पुरवठ्याची तारीख १६० वा दिवस होते आणि उशिराचा दंड लागत नाही. करार सोडण्याचा हक्क मात्र कोणालाच मिळत नाही, कारण ४० म्हणजे ९० नव्हे. सूचना पाठवायची राहिली, तर सूचना ही सवलतीची पूर्वअट होती का यावर वाद होतो. तो वाद जिंकण्याची आशा ठेवण्यापेक्षा वेळेत पत्र पाठवणे फार स्वस्त पडते.

तोच करार अटीविना घ्या. कारखानदार कलम ५६ पुढे करतो. सहा यंत्रे आजही बनू शकतात, बंदी उठलेली आहे, गेले ते ४० दिवस. एवढ्याने पाया उखडत नाही, म्हणून करार चालूच, आणि उशिराची जबाबदारी कारखानदारावर. वेळ हा त्या कराराचा गाभा असेल तर कलम ५५ खाली करार सोडायचा की नाही हे ग्राहक ठरवेल, कारखानदार नव्हे.

आणि याच वेळी कारखानदाराने ते सुरुवातीचे पत्र पाठवले तर? ‘करार रद्द समजावा’ म्हणजे काम करायला नकार. कलम ३९ खाली ग्राहक तो नकार मान्य करून करार संपवू शकतो, यंत्रे दुसरीकडून घेऊ शकतो आणि जास्त पडलेल्या किमतीची भरपाई मागू शकतो. चाळीस दिवसांच्या उशिराने जे झाले नसते ते एका वाक्याने होते.

भाव वाढले, तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि उत्तर सर्वांत निराश करणारे आहे. काम महाग झाले म्हणजे अशक्य झाले असे नाही. एप्रिल २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात वीज कंपन्यांचे म्हणणे होते, की इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलल्याने कोळसा भलताच महागला आणि ठरलेल्या दराने वीज देणे परवडेना. सर्वोच्च न्यायालयाने कलम ५६ही नाकारले आणि अटीचा आधारही नाकारला, कारण त्या करारातल्या अटीतच इंधनाचा वाढता खर्च वगळलेला होता. भाववाढीची भीती असेल तर फोर्स मेजरवर विसंबू नका. किंमत बदलण्याची स्वतंत्र अट घाला.

अडचण आपणच ओढवलेली असेल तरीही सुटका नाही. १९३५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे, आलेल्या एका प्रकरणात मासेमारी कंपनीला पाच जहाजांसाठी परवाने हवे होते, मिळाले तीन. तिने ते इतर जहाजांना दिले आणि भाड्याने घेतलेल्या जहाजाचा करार ‘परवान्याअभावी संपला’ असा दावा केला. परवाना कोणत्या जहाजाला द्यायचा हे तिनेच ठरवले होते, म्हणून दावा फेटाळला गेला. साठा अपुरा असताना कोणत्या ग्राहकाला माल द्यायचा हे ठरवणाऱ्या पुरवठादारांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे.

भाडेपट्ट्याबाबत एक वेगळी सूचना. जागेचा भाडेपट्टा एकदा सुरू झाला की कलम ५६ त्याला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरवले आहे. भाड्यातून सूट हवी असल्यास ती भाडेकरारातच शोधावी लागते. आग, पूर यांनी जागा कायमची निरुपयोगी झाली असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ पाहावे लागते.

दिलेले पैसे

करार कलम ५६ ने संपला तर कलम ६५ खाली, ज्याला जो लाभ मिळाला तो त्याने परत करायचा किंवा त्याची भरपाई द्यायची. वरच्या उदाहरणात कारखाना कायमचा जळाला आणि यंत्रे फक्त तिथेच बनू शकत होती असे धरले, तर १० लाख परत. त्याआधी दोन यंत्रे पोचली असतील तर ग्राहकालाही त्यांची किंमत हिशेबात धरावी लागेल. फोर्स मेजर अटीने करार सुटला तर आधी अट वाचायची. काही अटी आगाऊ रकमेबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि भांडण तिथेच सुरू होते.

आमच्याकडे येताना मूळ करार, नंतर केलेले बदल (ईमेलवरचेसुद्धा), घटनेचा पुरावा म्हणजे आदेशाची प्रत किंवा पंचनामा, आणि घटना घडली त्या दिवशी काम कुठवर आले होते याची नोंद घेऊन या. समोरच्याला अजून काही लिहिले नसेल तर तसे फोनवरच सांगा. सूचनेची मुदत जवळ असेल तर आधी एवढेच पत्र पाठवता येते: ‘अमुक तारखेला अमुक घटना घडली, त्यामुळे अमुक काम थांबले आहे, करारातील अमुक अटीनुसार ही सूचना देत आहोत, आमचे सर्व हक्क राखून.’ त्यात ‘रद्द’ हा शब्द नको.