नाका गेला, आकडा गोठला

सिमेंटच्या एका ट्रकपासून सुरुवात करू. ५० किलोच्या ५०० गोण्या, करापूर्वीचा भाव गोणीला ३०० रुपये धरला तर माल दीड लाखाचा. ट्रक मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळ्यात येतो. जकातीच्या काळात तो नाक्यावर थांबायचा, ड्रायव्हर बिल आणि बिल्टी खिडकीतून आत सरकवायचा, कारकून दर लावून पावती फाडायचा. दर २ टक्के समजू. ३,००० रुपये त्याच दिवशी शहराच्या तिजोरीत जमा. माल शहरात न उतरवता पुढे सुरतेकडे जाणार असेल, तर पारगमन शुल्क भरून ट्रक हद्दीबाहेर जायचा.

तोच ट्रक आज थांबत नाही. सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवर जीएसटी १८ टक्के आहे (आधी २८ होता), म्हणजे दीड लाखावर २७,००० रुपये. माल राज्यातलाच असेल तर निम्मे केंद्राला, निम्मे राज्याला. मध्य प्रदेशातून आला असेल तर एकात्मिक कर लागतो आणि राज्याचा वाटा मागाहून वळता होतो. कर आधीपेक्षा कितीतरी जास्त, पण त्यातला एक रुपयाही धुळे महापालिकेच्या खात्यात थेट येत नाही. शहरात ट्रक दुप्पट आले तरी नाही, एकही आला नाही तरी फरक नाही. मग महापालिका चालते कशावर? राज्याकडून दरमहा येणाऱ्या भरपाईवर. खानदेशातल्या दोन्ही महापालिकांचं, जळगाव आणि धुळ्याचं, आजचं दुखणं त्या भरपाईच्या सूत्रात आहे.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ वी नोंद काढून टाकली. स्थानिक हद्दीत येणाऱ्या मालावर कर लावायचा अधिकार त्या नोंदीतून यायचा. तीच गेल्यावर १ जुलै २०१७ ला मुंबईची जकात आणि इतर महापालिकांत जकातीच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, दोन्ही संपले. त्याच वर्षी राज्याने महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा केला. सूत्र एका ओळीचं आहे: २०१६-१७ चं उत्पन्न हा पाया, त्यावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, आणि रक्कम महिन्याच्या हप्त्याने. (भुसावळ, नंदुरबार, अमळनेर या नगरपालिकांची जकात १९९९ मध्येच गेली. त्यांचं सहायक अनुदान हा वेगळा हिशेब आहे.)

हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्या एका शहराचे नाहीत. पाया ६० कोटींचा धरला तर २०१७-१८ मध्ये ६४.८ कोटी मिळतात, महिन्याला ५ कोटी ४० लाख. ८ टक्क्यांची चक्रवाढ नऊ वर्षांत रक्कम जवळजवळ दुप्पट करते, म्हणून २०२५-२६ मध्ये महिन्याचा हप्ता साधारण १० कोटींवर जातो. वाईट नाही. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीने बाजार बंद होते, जीएसटीची वसुली आपटली होती, तरी सूत्र ८ टक्के वाढवूनच देत होतं. नाक्यावर अवलंबून असलेलं शहर त्या वर्षी पगारालाही महाग झालं असतं. सूत्राचा हा गुण मान्य करायलाच हवा.

दोष पायातच आहे. व्यापार तेवढाच असलेलं दुसरं शहर घ्या. तिथे २०१६-१७ मध्ये वसुली ढिली होती: नोंदणी अर्धवट, विवरणपत्रांची तपासणी पडून, काही व्यापारी कच्च्या चिठ्ठीवर माल आणणारे. तिथे ६० ऐवजी ४५ कोटीच जमले. नाका असता तर नवा आयुक्त येऊन गळती बुजवू शकला असता. आता ती गळती सूत्रात कोरली गेली. पहिला फरक १५ कोटींचा होता, २०२५-२६ मध्ये तो ३० कोटींचा होतो आणि पुढेही वाढत राहील. एका वर्षाचा गबाळेपणा कायमचा दंड होऊन बसला.

छोट्या महापालिकांत आणखी एक गोष्ट झाली. १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक उलाढाल ५० कोटींपेक्षा कमी असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि त्या बदल्यात राज्याने अनुदान दिलं. पुण्यात ५० कोटींच्या वरची दुकानं-कारखाने पुष्कळ. जळगावच्या सराफ बाजारात, डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यांत अशी किती निघतील? त्यामुळे २०१६-१७ चा पाया ठरताना अशा शहरांच्या उत्पन्नात प्रत्यक्ष कर थोडा आणि अनुदानच मोठं होतं. गोठलेल्या आकड्यावर पुन्हा बर्फ चढला म्हणायचा.

व्यापाऱ्याच्या बाजूने बदल चांगलाच झाला, यात वाद नको. डाळ मिलवाला बाहेरून तूर आणायचा, तेव्हा जकात तुरीच्या किमतीत मुरायची. डाळ शहराबाहेर गेली तर परताव्यासाठी कागद घेऊन हेलपाटे घालावे लागायचे. जीएसटीत नोंदणीकृत कारखानदाराला करपात्र मालासाठी घेतलेल्या कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळते, म्हणून करावर कर चढत नाही. नाक्यावरची रांग आणि चिरीमिरी गेली. एवढं सगळं खरं, फक्त बाजार वाढला तर शहराचं उत्पन्न वाढतं, ही दोरी तुटली.

आता खर्चाची बाजू. त्याच नमुन्यात २०१६-१७ चे पगार आणि पेन्शन ४८ कोटी धरू. दरवर्षी ६ टक्के वाढ, आणि मध्ये सातव्या वेतन आयोगाने एकदाच २० टक्क्यांचा झटका दिला असं मानू. २०२५-२६ मध्ये हा खर्च साधारण ९७ कोटी होतो. पहिल्या शहराला भरपाई १२० कोटी मिळते, हाती २३ कोटी उरतात. दुसऱ्याला ९० कोटी मिळतात, म्हणजे पगारालाच ७ कोटी कमी. जुन्या कर्जाचा हप्ता राज्याने भरपाईतूनच परस्पर कापला तर ही तूट आणखी वाढते. हुडकोच्या कर्जाने जळगाव महापालिकेला किती वर्षं जखडलं होतं, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको.

हद्दवाढीचा प्रश्न तर सूत्राने विचारातच घेतलेला नाही. २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे, अवधान अशी गावं धुळे महापालिकेत आली. २०१६-१७ मध्ये ती ग्रामपंचायती होती, तिथे एलबीटीच नव्हता, म्हणून पायात त्यांचा रुपयाही नाही. सूत्रात लोकसंख्या नाही, क्षेत्रफळ नाही, फक्त जुना आकडा आणि ८ टक्के. पाइपलाइन, दिवे, घंटागाड्या मात्र आता महापालिकेच्या अंगावर. हा खर्च मालमत्ता कर आणि पाणीपट्टीतून काढायचा, नाहीतर वेगळ्या अनुदानासाठी मंत्रालयात प्रस्ताव पाठवून वाट पाहायची.

आपल्या शहराची तब्येत पाहायची असेल तर महापालिकेचं अंदाजपत्रक उघडा आणि अंदाजाचा नव्हे, 'प्रत्यक्ष जमा' हा रकाना पाहा. जीएसटी भरपाईची रक्कम आधीच्या वर्षीच्या रकमेला १.०८ ने गुणून जुळते का बघा. कमी भरली तर कपात झाली आहे किंवा हप्ता पुढच्या वर्षात गेला आहे. मग त्याच वर्षाच्या पगार-पेन्शनच्या खर्चाला भरपाईने भागा. उत्तर १ च्या वर गेलं असेल तर ती महापालिका पगारासाठीही मालमत्ता करावर टेकलेली आहे. तिथे त्या कराची थकबाकी किती, हे पुढचं पान उलटून पाहावं लागेल.