मिक्सर: शोधताना एक शब्द, सांगताना दुसरा

गिऱ्हाईक मोबाइलवर ‘मिक्सर ७५० वॅट किंमत’ असं टाकतं. तेच गिऱ्हाईक सांगलीतल्या दुकानात आलं की म्हणतं, “कूट नीट निघंल का यात? जुन्यात नुसता गोळा हुतोय.” दोन्ही शब्द गिऱ्हाइकाचेच, म्हणून दुकानाच्या पोस्टचं कॅप्शन लिहिताना त्यांची सरमिसळ होते. खरं तर पहिल्या शब्दांनी वस्तू सापडते आणि दुसऱ्यांनी ती आपल्या कामाची आहे हे पटतं.

शोधायचे शब्द थोडेच असतात: मिक्सर, वॅट, किती भांडी, गावाचं नाव. ते कॅप्शनमध्ये एकदा आले की पुरे. ‘सांगलीतील बेस्ट मिक्सर, स्वस्त मिक्सर, ७५० वॅट मिक्सर’ अशी माळ ओवली की वाचणारा पुढे सरकतो.

सांगायचे शब्द मात्र वहीत धरावे लागतात आणि ते जसेच्या तसे. “भांडं खालून गळतंय” याचं ‘जार लीकेज’ केलं की शब्द हातचा गेला. विक्रीपेक्षा दुरुस्तीच्या टेबलावर माणूस जास्त मोकळं बोलतो, त्यामुळे वही तिथे ठेवा. शेजारी काम लिहा: कूट, ओलं वाटण, कांदा-लसूण मसाला. वेगवेगळ्या लोकांच्या तोंडी पुन्हा पुन्हा आलेलाच शब्द उचला.

आता वरच्या ‘गोळा’वरून कॅप्शन करू:

“कुटाचा गोळा होतोय? दाणे भाजून पूर्ण गार करा, छोटं भांडं अर्धंच भरा आणि बटण उलट्या बाजूला धरून-सोडून थोडे झटके द्या. सलग फिरवलं की दाण्याला तेल सुटतं. ७५० वॅटचा मिक्सर, तीन भांडी. सांगलीत दुकानात चालवून बघा.”

शोधायचे शब्द शेवटी, तेही एकदाच. मोठ्याने वाचून बघा. काउंटरवर असं बोलताना जीभ अडखळली तर वाक्य बदला.

गिऱ्हाइकाचा शब्द घ्यायचा, पण त्याचं निदान घ्यायलाच हवं असं नाही. “मिक्सर जळाला” हे नेहमीचं वाक्य. पुष्कळदा भार जास्त झाल्यामुळे संरक्षक स्विच पडलेला असतो. म्हणून ‘मिक्सर जळाला वाटतंय?’ अशी सुरुवात करून लगेच सांगा: प्लग काढा, भांडं हलकं करा, मोटर गार होऊ द्या, मग तळाचं बटण दाबा, मॉडेलनुसार ते लाल असतं. जळका वास येत असेल तर मात्र पुन्हा चालू न करता दुकानात आणा.

आणि एक शब्द कितीही वेळा कानावर आला तरी आमिष म्हणून वापरू नका: हळकुंड. सांगलीत “यात हळकुंड निघंल का?” हा प्रश्न येणारच. पण बऱ्याच घरगुती मिक्सरचं पातं आणि कपलर अख्ख्या हळकुंडासाठी नसतात, ते डंकावरच कुटून आणायचं.