आडवं झालं की छातीत का जळजळतं?

ॲसिडिटीच्या औषधांच्या जाहिरातीतलं ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जठर म्हणजे हिरव्या आम्लाने भरलेली बाटली. माणूस झोपला की बाटली आडवी होते आणि झाकण सैल असल्यामुळे आम्ल वर सांडतं. चित्र इतकं सोपं आहे की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. पण हे खरं असतं, तर रात्री उशिरा जेवून झोपणारा प्रत्येक माणूस रात्रभर तळमळत राहिला असता.

आकड्यांनीच तपासू. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूंचं एक कडं असतं. एरवी ते आवळलेलं असतं आणि जठरातल्या दाबापेक्षा साधारण १० ते ३० मिलिमीटर पाऱ्याइतका जास्त दाब धरून असतं. त्याच्याभोवती श्वासपटलाचा विळखा असतो. श्वास घेताना जठरावर दाब येतो, नेमका त्याच वेळी हा विळखाही आवळतो. आता माणूस आडवा झाला आणि या कड्यावर द्रवाचा चांगला १० सेंटिमीटरचा थर चढला असं धरू. तेवढ्या थराचा दाब जेमतेम ७ मिलिमीटर पारा भरतो. म्हणजे धडधाकट माणसाच्या बाबतीत नुसत्या आडवं होण्याने हे दार ढकललं जात नाही.

मग दार उघडतं कसं? ते आतूनच उघडलं जातं, आणि मुद्दाम.

जेवताना आपण अन्नाबरोबर बरीच हवा गिळतो. ती जठराच्या वरच्या घुमटाकार भागात साचते. अन्न आणि हवा यांनी हा भाग ताणला गेला की त्याच्या भित्तीतल्या मज्जातंतूंची टोकं जागी होतात. व्हेगस मज्जातंतूमार्गे निरोप मेंदूच्या तळाशी जातो आणि तिथून उलटा हुकूम येतो : कडं सैल सोडा. कडं सैल पडतं, त्याच्याभोवतीचा श्वासपटलाचा विळखाही सुटतो आणि साठलेली हवा वर निघून जाते. ही ढेकर. गिळताना कडं काही सेकंदांसाठी उघडतं, तसं हे नाही. इथे गिळणं नसतानाही ते दहा सेकंदांहून जास्त वेळ उघडं राहू शकतं. डॉक्टर याला कड्याची क्षणिक शिथिलता म्हणतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अन्ननलिकेतला दाब आणि आम्लता एकाच वेळी मोजणं जमू लागलं, तेव्हा लक्षात आलं की निरोगी माणसात आम्ल वर येतं ते मुख्यतः याच वाटेने. तोवर सगळा दोष ‘ढिल्या झडपे’वर टाकला जात होता.

या यंत्रणेचा मला फार आदर वाटतो. ती नसती तर गिळलेल्या हवेने पोट फुगून माणूस हैराण झाला असता. आम्ल वर येणं ही तिची किंमत आहे. आणि खरी गंमत पुढे आहे. माणूस उताणा झोपला की ही शिथिलता वाढत नाही, उलट कमी होते. गाढ झोपेत ती जवळजवळ थांबते. दार उघडतं ते कूस बदलताना किंवा झोप चाळवते त्या क्षणांमध्ये.

म्हणजे आडवं झाल्यावर दार कमी वेळा उघडतं आणि तरीही जळजळ तेव्हाच जाणवते. याचं उत्तर दोन प्रश्नांत दडलेलं आहे : उघड्या दारातून काय वर येतं आणि वर आलेलं किती वेळ तिथे टिकतं.

समजा, एक माणूस रात्री दहाला भरपेट जेवून उठला आणि साडेदहाला उताणा झोपला. बसलेला होता तोवर हवा वर, कड्यालगत होती आणि अन्न खाली. दार उघडलं असतं तर बहुतेक वेळा हवाच निसटली असती. उताणा होताच मांडणी बदलते. जठराचं तोंड पाठीच्या बाजूला असतं, त्यामुळे द्रव तिकडे ओघळतो आणि तोंड झाकून टाकतो. हवा पोटाच्या पुढच्या बाजूला, आतल्या भित्तीशी तरंगत राहते. आता दार हवेसाठी उघडलं तरी दारात हवा नसतेच, द्रव असतो.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल की जेवणानंतर अन्न आम्लाला सौम्य करतं ना? बरोबर. उपाशीपोटी जठराचा पीएच १ ते २ असतो, भरपेट जेवणानंतर तो ४-५ पर्यंत चढतो. मग इतकं सौम्य मिश्रण वर येऊन जाळेल कसं? हे कोडं २००१ साली ग्लासगोच्या संशोधकांनी सोडवलं. पीएच मोजणारी नळी त्यांनी जेवलेल्या माणसांच्या जठरातून हळूहळू वर ओढत नेली. मधल्या भागात पीएच ४.७ च्या आसपास होता, पण कड्याच्या अगदी खाली एक छोटा पट्टा सापडला, जिथे तो होता १.६. जेवणानंतर नव्याने पाझरणारं आम्ल तिथे अन्नात न मिसळता वरच्या थरात साचून राहतं. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दसपट, म्हणून हा फरक हजारपटीहून मोठा आहे. या साठ्याला आम्लाचा कप्पा म्हणतात. पोट भरलेलं आणि आम्ल सौम्य झालेलं असतानाही दाराशी मात्र कडक माल तयार असतो, तो असा.

(पीएचचा विषय निघालाच आहे म्हणून : ‘अल्कलाइन’ पाणी विकणारे याच पीएचचं नाव घेऊन गिऱ्हाईक गाठतात. केवळ त्या आकड्यावर जायचं तर पीएच १.५ चं एक मिलिलिटर आम्ल मारायला पीएच ९ चं तीन लिटरहून जास्त पाणी लागेल. इतकं पाणी पिऊन झोपलात तर पोट ताणून दार मात्र नक्की उघडेल.)

आता दुसरा प्रश्न, आम्ल किती वेळ टिकतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. १९८४ साली अमेरिकेत एक सुंदर प्रयोग झाला. निरोगी माणसांच्या अन्ननलिकेत १५ मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं आणि त्यांना ठरावीक अंतराने गिळायला सांगितलं. आम्लात किरणोत्सारी खूण मिसळलेली असल्यामुळे ते कुठे गेलं हे बाहेरून दिसत होतं. एक-दोन वेळा गिळताच जवळजवळ सगळं आम्ल जठरात परत गेलं. तरीही पीएच तसाच राहिला! अस्तराला चिकटलेला पातळ थर मागे उरला होता. पुढे प्रत्येक गिळण्यासरशी पीएच पायरीपायरीने चढत गेला, कारण गिळण्याबरोबर लाळ येत होती आणि लाळेत बायकार्बोनेट असतं. तोंडातली लाळ नळीने काढून टाकली, तेव्हा या पायऱ्या नाहीशा झाल्या. म्हणजे सफाई दोन टप्प्यांत होते : आकुंचनाच्या लाटेने द्रव खाली ढकलला जातो आणि उरलेला थर लाळेने निष्प्रभ होतो.

एक मिलिलिटर असं आम्ल मारायला सुमारे सात मिलिलिटर लाळ लागते. थर अर्ध्या मिलिलिटरचा धरला तर साडेतीन मिलिलिटर लाळ हवी. जागेपणी, काही न खाता, मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर लाळ सुटते आणि मिनिटाला एखादं गिळणं होतं. म्हणजे सात मिनिटांत काम फत्ते. झोपेत लाळ जवळजवळ बंद होते आणि गिळणं तासाला मोजक्या वेळा होतं. बसलेलं असताना गुरुत्वाकर्षण निदान पहिला टप्पा फुकट करून देतं, आडवं झाल्यावर तेही हात वर करतं. मग तेच आम्ल अर्धा तासही टिकू शकतं. अस्तराच्या पेशींमधल्या फटींतून ते खालच्या मज्जातंतूंपर्यंत झिरपलं की जळजळ जाणवते. साडेदहाला झोपलेला आपला माणूस सव्वाअकराला उठून बसतो तो यामुळे. आणि उठून दोन घोट पाणी पिऊन बरं वाटतं ते का, हेही यात आलंच.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ रुग्णांच्या झोपेतली कूस आणि अन्ननलिकेतलं आम्ल एकत्र नोंदवलं गेलं. आम्ल वर येण्याच्या प्रसंगांची संख्या कुशीनुसार फारशी बदलली नाही. पण ते साफ व्हायला लागणारा वेळ बदलला : डाव्या कुशीवर ३५ सेकंद, उताणं ७६ आणि उजव्या कुशीवर ९०. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली जातो आणि अन्ननलिकेचं तोंड द्रवाच्या पातळीच्या वर राहतं. उजव्या कुशीवर याच्या उलट.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा असं सांगतात, त्यामागे जठर रिकामं व्हायचा वेग आहे. तपासणीसाठी देतात ते हलकं, कमी तेलकट जेवणही दोन तासांनी निम्म्याहून जास्त शिल्लक असू शकतं. चार तासांनी ते दहा टक्क्यांच्या आत येतं. तेलकट जेवण त्याहून रेंगाळतं. दहाला जेवलेल्या माणसाचं जठर साडेदहाला अजून ताणलेलं असतं, म्हणून दार उघडण्याचा हुकूमही सुटत असतो आणि आम्लही पाझरत असतं. जपानमध्ये २००५ साली आम्ल वारंवार वर येण्याचा विकार असलेल्या १४७ रुग्णांची २९४ निरोगी माणसांशी तुलना झाली. जेवणानंतर तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांमध्ये हा विकार असण्याची शक्यता चार तास थांबणाऱ्यांच्या तुलनेत कितीतरी पट जास्त आढळली. ही तुलना आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, पण वरची यंत्रणा पाहता ती पटते.

ज्यांना उशिरा जेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी पोट कमी ताणेल इतकंच खावं, डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५-२० सेंटिमीटरचे ठोकळे लावावेत. उशा रचू नयेत. त्याने माणूस कमरेत वाकतो आणि पोटावरचा दाब वाढतो.

फक्त उशिराच्या भरपेट जेवणानंतरच जळजळ होत असेल, तर वर सांगितलेली नेहमीची यंत्रणाच काम करते आहे असं समजावं. पण बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी घशाशी येत असेल, तर कडं खरोखर सैल असू शकतं किंवा जठराचा थोडा भाग श्वासपटलातून वर सरकलेला असू शकतो. तसं असलं की आम्लाचा कप्पाही त्याच्याबरोबर वर चढून बसतो आणि कूस बदलून फारसं भागत नाही. तिथे एंडोस्कोपी किंवा २४ तासांची पीएच तपासणी लागते. गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन घटणं, काळी शौच होणं ही लक्षणं असतील तर वाट पाहू नये. आणि चालताना छातीत दाटून येत असेल, घाम सुटत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर अँटासिड घेऊन बघण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.