भाडेपट्टा (लीज) आणि ताळेबंदातील देणे

कंपनीने भाड्याने घेतलेली जागा, यंत्र किंवा वाहन तिच्या हिशेबात कसे दाखवायचे, या प्रश्नाला लेखाशास्त्रात दोन उत्तरे रूढ होती. वस्तू नावापुरती भाड्याची आणि तिच्या मालकीची जोखीम नि लाभ जवळजवळ पूर्णपणे वापरणाऱ्याकडे गेलेले असतील, तर तो व्यवहार फायनान्स लीज. जोखीम मालकाकडेच राहत असेल आणि वापरणारा काही काळापुरते भाडे भरत असेल, तर ऑपरेटिंग लीज. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्याने आठ वर्षे चालणारे सीएनसी यंत्र सात वर्षांच्या लीजवर घेतले आणि शेवटी ते एक रुपयात स्वतःच्या नावावर करून घेण्याची सोय करारात असली, तर ती वस्तुतः हप्त्यांवरची खरेदी आहे. शेजारच्याच गाळ्यातल्या कंपनीने तीन वर्षांसाठी गोदाम भाड्याने घेतले, तर ते सरळ भाडे.

हा फरक महत्त्वाचा ठरला तो ताळेबंदामुळे. जुन्या नियमांत फायनान्स लीजची वस्तू मालमत्तेच्या बाजूला आणि तिचे देणे दायित्वाच्या बाजूला येई. ऑपरेटिंग लीजचे मात्र फक्त भाडे नफा-तोटा पत्रकात खर्ची पडे आणि पुढच्या वर्षांची बांधीलकी ताळेबंदाला जोडलेल्या टिपणांत एका तक्त्यात नमूद होई. त्यामुळे करार असा बेतण्याचा मोह असे, की तो ऑपरेटिंगच ठरावा.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लेखा मानक लागू झाले आणि भाड्याने घेणाऱ्यापुरता हा भेद संपला. आता जवळजवळ प्रत्येक लीजचे देणे ताळेबंदात येते. मालकाच्या, म्हणजे भाड्याने देणाऱ्याच्या हिशेबात दोन्ही प्रकार अजून जिवंत आहेत. त्यामुळे ऑपरेटिंग लीजवर दिलेली एकच इमारत मालकाच्या ताळेबंदात इमारत म्हणून राहते आणि भाडेकरू कंपनीच्या ताळेबंदात वापराचा हक्क म्हणून दिसते. यात दुहेरी मोजणी नाही, कारण मोजल्या जाणाऱ्या गोष्टी दोन आहेत. अमेरिकी मानकाने घेणाऱ्यासाठीही दोन प्रकार ठेवले. देणे मात्र तिथेही दोन्ही प्रकारांत ताळेबंदात येते. वागळे इस्टेटमधल्या ज्या छोट्या कंपन्या इंड एएसच्या कक्षेत येत नाहीत, त्या अजून एएस १९ हे जुने मानक पाळतात आणि त्यांच्याकडे जुनाच भेद चालतो. ठाण्यातल्या दोन कंपन्यांचे ताळेबंद शेजारी ठेवण्यापूर्वी त्या कोणते मानक पाळतात, हे आधी पाहावे.

‘लीव्ह अँड लायसन्स’ला लीज म्हणायचे का?

ठाणे-नवी मुंबईत व्यापारी जागा बहुधा लीव्ह अँड लायसन्स कराराने दिली जाते. कायद्याच्या भाषेत हा भाडेपट्टा नव्हे. भाडेपट्ट्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे, तर परवान्याची, म्हणजे लायसन्सची, सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये. दोन्ही कायदे १८८२ चे. परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही, आणि करारात हे वाक्य आवर्जून छापलेले असते. त्याच वाक्यावर बोट ठेवून ‘आमच्याकडे लीज नाहीच’ असे म्हणणारे हिशेबनीस भेटतात. ते चुकतात. मानक कराराच्या नावावर जात नाही. ठरावीक जागा आहे का, तिच्या वापराचे जवळजवळ सगळे लाभ आपल्याला मिळतात का आणि तिचा वापर कसा करायचा हे आपण ठरवतो का, एवढेच ते विचारते. तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर ती लीज.

उलट को-वर्किंगच्या मजल्यावर आज या टेबलाशी, उद्या त्या टेबलाशी बसवले जात असेल आणि जागा बदलण्याचा अधिकार खरोखर चालकाकडे असेल, तर ठरावीक जागाच नाही आणि म्हणून लीजही नाही. ती सेवा झाली.

देणे कसे मोजतात

महापे येथील एका कल्पित कंपनीचे उदाहरण घेऊ. कार्यालयाचा करार पाच वर्षांचा, भाडे वर्षाला ६० लाख रुपये. प्रत्यक्षात भाडे महिन्याच्या सुरुवातीलाच द्यावे लागते. इथे गणित सोपे राहावे म्हणून ते वर्षअखेरीस एकरकमी दिले असे धरू. पाच वर्षांत ३०० लाख जाणार, पण ताळेबंदात ३०० लाख येत नाहीत. येते ती या भाड्यांची आजची किंमत. त्यासाठी व्याजदर लागतो. लीजमध्ये दडलेला दर भाडेकरूला सहसा कळत नाही, म्हणून तेवढ्याच मुदतीचे, तशाच तारणावरचे कर्ज काढताना कंपनीला जो दर पडला असता, तो घेतात. तो १० टक्के धरला, तर एक्सेलमध्ये उत्तर एका ओळीत मिळते:

```
=PV(10%,5,-60)
```

उत्तर २२७.४५ लाख. पहिल्या दिवशी हेच लीजचे देणे आणि हीच वापर-हक्काच्या मालमत्तेची किंमत. दलाली किंवा करारासाठीचा थेट खर्च असल्यास तो मालमत्तेत मिळवतात, देण्यात नाही. भाडे विक्रीच्या टक्क्यांवर ठरत असेल, जसे मॉलमधल्या दुकानांत पुष्कळदा असते, तर तो टक्केवारीचा भाग देण्यात धरत नाहीत. विक्री होईल तसा तो खर्ची पडतो.

मग दोन्ही आकडे वेगवेगळ्या चालीने उतरतात. मालमत्तेवर दर वर्षी ४५.४९ लाख घसारा. देण्यावर पहिल्या वर्षी २२.७४ लाख व्याज चढते, ६० लाख दिले जातात आणि १९०.१९ लाख उरतात. त्याच दिवशी मालमत्ता १८१.९६ लाख असते. मधला ८.२३ लाखांचा फरक कुठून आला? घसारा आणि व्याज मिळून पहिल्या वर्षाचा खर्च ६८.२३ लाख झाला, तर दिलेले भाडे ६० लाखच. जादा खर्च तेवढाच. शेवटच्या वर्षी हाच खर्च ५०.९४ लाखांवर येतो. पाच वर्षांची बेरीज ३०० लाखच राहते, फक्त खर्चाचा भार सुरुवातीकडे झुकतो. घसारा आणि व्याज वजा करण्यापूर्वीचा नफा मात्र दर वर्षी ६० लाखांनी फुगलेला दिसतो, कारण भाडे या नावाचा खर्चच राहत नाही. २०१९ च्या आधीच्या वर्षाशी तुलना करताना इथे हमखास फसगत होते.

देण्याचे चालू आणि दीर्घ मुदतीचे असे दोन भाग करताना एक चूक वारंवार दिसते. पुढच्या वर्षी ६० लाख द्यायचे, म्हणून चालू देणे ६० लाख लिहिले जाते. पण त्यातले १९.०२ लाख पुढच्या वर्षाचे व्याज आहे, आणि ते अजून चढलेलेच नाही. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी १४९.२१ लाख उरणार. म्हणून आजच्या १९०.१९ लाखांपैकी १४९.२१ लाख दीर्घ मुदतीचे आणि ४०.९८ लाख चालू.

मुदत किती धरायची

दराबद्दल वाद होतात, पण आकडा खरा हलतो तो मुदतीने. याच करारात एक कलम असते: पहिले ३६ महिने लॉक-इन, त्यानंतर परवानाधारक तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन जागा सोडू शकतो. करार मुदतीआधी संपवण्याचा असा हक्क फक्त मालकाला असता, तर तो मोजायचाच नसता आणि मुदत पूर्ण पाच वर्षे धरावी लागली असती. इथे तो भाडेकरूला आहे. म्हणून प्रश्न उरतो, की कंपनी तो वापरणार नाही याची पुरेशी खात्री आहे का?

मुदत तीनच वर्षे धरली, तर देणे १४९.२१ लाख. पाच धरली, तर २२७.४५ लाख. कागद तोच, सही तीच आणि ७८ लाखांचा फरक. दर १० ऐवजी १२ टक्के घेतला, तर पाच वर्षांचे देणे ११ लाखांनीच कमी होते. तेव्हा लेखापरीक्षकाने आधी मुदत तपासावी. आपल्या उदाहरणातल्या कंपनीने आत ८० लाखांचे काम केले आहे: एसीचे डक्ट, सर्व्हरची खोली, काचेच्या केबिनी. हे काम उचलून ऐरोलीला नेता येत नाही. त्यावरचा घसारा कंपनी पाच वर्षांत काढत असेल आणि लीज मात्र तीनच वर्षांची म्हणत असेल, तर तिचीच दोन विधाने एकमेकांशी भांडतात. आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने नोव्हेंबर २०१९ मध्ये नेमका हाच संबंध स्पष्ट केला: अशा अंतर्गत कामाचे आयुष्य आणि लीजची मुदत एकत्र पाहावी, आणि मुदत ठरवताना विचारात घ्यायचा दंड म्हणजे केवळ करारातली दंडाची रक्कम नव्हे, सोडून जाताना होणारे सगळे आर्थिक नुकसान.

अकरा महिन्यांच्या करारांनाही हीच कसोटी लावावी. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या आणि खरेदीचा पर्याय नसलेल्या लीजला ताळेबंदातून सूट आहे. पण तुर्भ्याच्या एकाच गोदामात नऊ वर्षे अकरा-अकरा महिन्यांचे करार होत असतील, आत रॅक नि लिफ्ट बसवलेली असेल, तर ती सूट घेणे मला पटत नाही. वाचकाला याचा माग टिपणांत लागतो. अल्प मुदतीच्या लीजचा खर्च तिथे वेगळा दाखवावा लागतो. तो मोठा आणि वर्षानुवर्षे जवळपास सारखा असेल, तर कंपनीला विचारायला हवे. (अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हाही गैरसमजच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे.)

जमीन: मोठा हक्क, नगण्य देणे

टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी भूखंड साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते; सिडकोचे नवी मुंबईतले पट्टे मुळात ६० वर्षांचे. अधिमूल्य सुरुवातीलाच भरून टाकलेले असते आणि पुढचे वार्षिक भाडे नाममात्र. देणे मोजताना फक्त न दिलेली भाडी धरतात, म्हणून एवढ्या लांब पट्ट्याचे देणे जवळजवळ शून्य येते. वापर-हक्काच्या मालमत्तेत मात्र भरलेले संपूर्ण अधिमूल्य बसते. म्हणून वापर-हक्काची रक्कम देण्याच्या कित्येक पट दिसली, तर ती चूक समजण्याआधी टिपणात जमिनीची ओळ शोधावी.

मुदतीआधी जागा सोडल्यास

महापेच्या कंपनीने पाच वर्षे धरली, पण नोटीस देऊन तीन वर्षांच्या शेवटी ती निघाली. तेव्हा देणे १०४.१३ लाख उरलेले असते आणि मालमत्ता ९०.९८ लाख. दोन्ही पुसली जातात आणि १३.१५ लाख नफा-तोटा पत्रकात जमेच्या बाजूला येतात. हा नफा रोखीचा नाही. पहिल्या तीन वर्षांत भाड्यापेक्षा जास्त दाखवलेला खर्च परत येतो, इतकेच. त्याच वेळी अंतर्गत कामाचे उरलेले ३२ लाख खर्ची टाकावे लागतात. ही रक्कम पत्रकात वेगळ्या ओळीत असते, तेव्हा जमेची ओळ तिच्यासोबत वाचावी: निव्वळ परिणाम १८.८५ लाखांच्या तोट्याचा आहे.