लॅपटॉपचा कीबोर्ड आणि एक पळवाट: पार्श्वभूमी

फ्रीलान्सरची मान आणि खांदे दुखतात तेव्हा पहिला दोष ‘वाकडं बसण्या’वर जातो. माझ्या मते दोषाचा मोठा वाटा लॅपटॉपच्या बिजागरीचा आहे, आणि त्या बिजागरीला युरोपातल्या कायद्यानेच सूट दिली होती.

१९७०च्या दशकात मोठ्या संगणकाला जोडलेल्या बऱ्याच टर्मिनलमध्ये कीबोर्ड आणि पडदा एकाच खोक्यात असत. पडदा डोळ्यांच्या सोयीने ठेवला की हात अवघडत, हातांच्या सोयीने ठेवला की मान. १९७८ साली आलेल्या एका गाजलेल्या टर्मिनलने कीबोर्ड वायरीवर सुटा केला, पुढे पर्सनल कॉम्प्युटरनेही तेच केलं. युरोपात कामगार संघटना तेव्हा पडद्यासमोरच्या कामाच्या नियमांसाठी भांडत होत्या. त्यातून मे १९९० मध्ये युरोपीय निर्देश आला, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम. कीबोर्ड पडद्यापासून वेगळा असावा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मालकाने जागेची तपासणी करावी, काम अधूनमधून थांबवावं किंवा बदलावं, डोळे तपासून द्यावेत, हेही आहे.

आणि त्यातच अपवाद आहे: जागेवर ‘दीर्घकाळ’ वापरली जात नसलेली सुवाह्य यंत्रं या नियमांतून वगळली. ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती तास, ते लिहिलंच नाही. त्या वर्षी हा अपवाद वावगा नव्हता. लॅपटॉप महाग होता आणि प्रवासात अहवाल टाइप करण्यापुरताच लागायचा. पण २००८च्या सुमारास जगात लॅपटॉपची विक्री डेस्कटॉपच्या पुढे गेली. अपवादातलं यंत्र रोजचं झालं, आणि १९७८ मध्ये सुटा झालेला कीबोर्ड पुन्हा पडद्याला चिकटला.

दुसरा गुंता माणसाच्या व्याख्येचा. निर्देश ‘कामगारा’ला लागू, म्हणजे ज्याला मालक आहे त्याला. त्यावरून केलेल्या ब्रिटनच्या १९९२च्या नियमांनी स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला ‘ऑपरेटर’ असं वेगळं नाव दिलं. तो दुसऱ्याच्या कचेरीत बसला तर टेबलाची तपासणी त्याच्या वाट्याला आली, पण डोळ्यांची तपासणी नोकरदारालाच. नियम करणाऱ्यांनी फ्रीलान्सरला पाहिलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं, असंच मला वाटतं. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या टेबलावर काम करणारा फ्रीलान्सर तर या चौकटीत बसतच नाही.

२०२०च्या टाळेबंदीत आपल्याकडे कचेरी जेवणाच्या टेबलावर आली आणि बऱ्याच जणांची तिथेच राहिली. तिथे काय होतं ते मोजूनच बघू. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचे पाय जमिनीवर नीट टेकायचे तर खुर्चीची बैठक ४० सेंटिमीटरच्या आसपास हवी. तशी बसली की तिचं कोपर जमिनीपासून ६०-६२ सेंटिमीटरवर येतं. म्हणजे कीबोर्ड कोपरापेक्षा निदान १३ सेंटिमीटर वर. खांदे उचलूनच टाइप करावं लागतं. दुपारपर्यंत मान आणि खांद्यामधला स्नायू भरून आला, तर टेबल उंच पडतंय असं समजावं.

ती दोन उशा घेऊन वर सरकते. खांदे सुटतात, पण पाय लोंबकळतात, आणि डोळे साधारण १२० सेंटिमीटरवर पोहोचतात. लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड मात्र टेबलापासून वीसेक सेंटिमीटर, म्हणजे ९५ वर. आता मान आणखी झुकते आणि दुखणं खांद्यावरून मानेच्या मागे, खालच्या मणक्यांपाशी येतं. जागा बदलली, दुखणं गेलं नाही. दोन्ही भाग बिजागरीने जोडलेले असताना या उंचीला योग्य खुर्ची सापडणारच नाही, कितीही महाग घ्या.

सुटा कीबोर्ड आणि माउस घेतला की हिशेब जुळतो. उशा तशाच ठेवायच्या, पायाखाली पाट, कमी पडला तर दोन पाट. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवायचा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली येईपर्यंत. इथे मधली विश्रांती ठरवून देणारा मालक नसल्यामुळे ती गजरावर सोपवावी लागते. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं तरी उठावं. ‘हा परिच्छेद संपला की उठते’ म्हटलं की तास जातो.

चाळिशीनंतर एक घोटाळा होतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात जवळचं बघायची काच खालच्या भागात असते. पडदा डोळ्यांच्या रेषेत आणला की अक्षरं त्या काचेत पकडायला हनुवटी वर जाते आणि मान मागून आवळते. अशा वेळी चारातली दोन पुस्तकं काढून घ्यावीत, नाहीतर पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा. डोळे तपासायला जाताना डोळे ते पडदा हे अंतर टेपने मोजून न्यायचं. ‘कॉम्प्युटरसाठी’ एवढंच सांगितलं तर नंबर अंदाजाच्या अंतराचा निघतो.