हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग
ऑइलच्या दाबाने पुढची चाकं वळवायला मदत करणारी सिस्टीम. सगळी ताकद पंपाची आणि पंप फिरतो इंजिनच्या बेल्टवर, म्हणून इंजिन बंद असलं की स्टेअरिंग वळतं पण जाम जड लागतं.

पंप छोट्या टाकीतून ऑइल ओढतो आणि दाब देऊन रॅककडे पाठवतो. रॅक म्हणजे दातेरी दांडा, त्याला स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, डावी-उजवीकडे सरकवतं. याच दांड्यावर एक पिस्टन असतो. पिनियनच्या वर व्हॉल्व्ह आणि त्यात बारीक टॉर्शन बार, स्टेअरिंग वळवलं की तो किंचित पिळतो, तेवढ्यात व्हॉल्व्ह उघडून पिस्टनच्या एका बाजूला दाबाचं ऑइल जातं आणि दुसऱ्या बाजूचं टाकीत परत येतं. गाडी सरळ चालली असेल तर ऑइल नुसतं फिरत राहतं, खरा दाब लागतो तो जागेवर वळवताना.

जड होण्याचं कारण शोधताना आधी एवढंच बघायचं, दोन्हीकडे जड आहे की एकीकडेच? एकीकडेच असेल तर बहुतेक रॅकचं सील नाहीतर व्हॉल्व्ह. दोन्हीकडे असेल तर ऑइल, बेल्ट, पंप. बेल्ट घसरला की चीं करून किंचाळतो, पंप मात्र घुंईं करतो आणि रेस दिली की सूर चढतो. फुल लॉकला, म्हणजे स्टेअरिंग पार टोकाला वळवल्यावर, थोडा आवाज येतोच, पण तिथे स्टेअरिंग धरून ठेवू नका, ऑइल तापतं.

तासगावची द्राक्षं सांगलीला आणणारा एक पिकअप होता, मार्केट यार्डात रिव्हर्स घेताना स्टेअरिंग जड आणि सोबत घुंईं. मालकाला कुणीतरी पंप बदलायला सांगितलेलं. टाकीचं झाकण काढलं तर लाल ऑइल गुलाबी, ताकासारखं फेसाळलेलं आणि इंजिन बंद केल्यावर लेव्हल वर चढली, म्हणजे आत हवा. खाली थेंबभर गळती नाही, आणि लोक फसतात ते इथेच, कारण टाकी ते पंप या पाइपमध्ये ओढ असते, इंजिन चालू असताना तिथून ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. क्लिपच्या जोडावर थोडं ऑइल सोडलं तर आवाज लगेच कमी झाला. पाइप कडक होऊन चिरला होता.

पाइप आणि क्लिप नवी टाकली, मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवलं, मधे मधे ऑइल भरत. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू केलं. पंप वाचला.

फेसाळ ऑइलवर गाडी महिनोन्‌महिने चालवली तर मात्र पंपातल्या पट्ट्या आणि रिंग घासतात. असा पंप थंड असताना ठीक वाटतो, ऑइल तापलं की आयडलला स्टेअरिंग जड होतं आणि रेस दिल्यावर हलकं. तेव्हा पाइप बदलून भागत नाही.